हिरव्या रेषा खऱ्या कशावरून?

पेशीच्या छायाचित्रात हिरवा प्रकाश दिसला की आपल्याला हवे ते प्रथिन तिथे आहे, असा निष्कर्ष फार पटकन काढला जातो. प्रत्यक्षात त्या प्रकाशाला तीन-चार वेगवेगळी कारणे असू शकतात. प्रथिनाला नेमकी चिकटलेली अँटिबॉडी हे त्यातले फक्त एक. पेशी जात्याच थोडी चमकत असते. रंग लावलेली अँटिबॉडी भलत्याच ठिकाणी चिकटलेली असते. कधी दुसऱ्याच रंगाचा प्रकाश हिरव्या फिल्टरमधून आत शिरतो. इम्युनोफ्लुरोसन्सच्या प्रॅक्टिकलमधली प्रत्येक पायरी ही बाकीची कारणे दूर सारून एकच कारण उरावे यासाठी असते. हे ध्यानात ठेवले तर एरवी पाठ करावी लागणारी कृती आपोआप समजत जाते.

पद्धतीची मूळ कल्पना सरळ आहे. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला ओळखून तिला चिकटणारी प्रथिने म्हणजे अँटिबॉडी, शाळेच्या पुस्तकातली प्रतिपिंडे. अशा अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला तर ती जिथे जाऊन बसेल ती जागा मायक्रोस्कोपखाली उजळेल. हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये न्यूमोनियाच्या जिवाणूंविरुद्धच्या अँटिबॉडीला रंग जोडून हे करून दाखवले. त्या पहिल्या रंगाची चमक निळी होती आणि शरीरातल्या ऊती स्वतःही निळसर चमकतात. म्हणून कून्स लवकरच हिरव्या चमकेच्या फ्लुरोसिनकडे वळले. म्हणजे खरा प्रकाश कोणता आणि उपरा कोणता, हा प्रश्न या पद्धतीच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे.

एकच उदाहरण घेऊन सगळी कृती पाहू. पेशी हेला जातीच्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशींची ही वंशावळ आज जगभर वाढवली जाते. भारतातल्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या पेशीभांडारातून मिळतात. शोधायचे प्रथिन आहे ट्युब्युलिन. त्याचे सुटे कण एकापुढे एक जुळून मायक्रोट्युब्युल नावाच्या पोकळ नळ्या बनतात. केंद्रकाजवळून निघून पेशीच्या कडेपर्यंत पसरलेले हे जाळे प्रॅक्टिकलसाठी उत्तम, कारण ते नीट रंगले की नाही हे नवख्या डोळ्यालाही कळते.

पेशी काचेच्या गोल कव्हरस्लिपवर वाढवतात. या काचेची जाडी ०.१७ मिलिमीटरच्या आसपास हवी, कारण मायक्रोस्कोपची भिंगे तेवढ्या जाडीसाठी घडवलेली असतात. पेशींनी निम्मी-अधिक जागा व्यापली की पुरे. दाटीवाटी झाली तर त्या एकमेकींवर चढतात आणि जाळे वाचता येत नाही.

पहिली पायरी फिक्सेशनची. जिवंत पेशीत सतत हालचाल असते. ती जिथल्या तिथे थांबवायची, पण रचना मोडू द्यायची नाही. यासाठी बहुतेक ठिकाणी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड वापरतात. त्याची पूड पीबीएस या मिठाच्या बफरमध्ये साधारण ६० अंशांवर, सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत विरघळवावी लागते. विरघळताना तिचे फॉर्मल्डिहाइड होते. वाफा डोळ्यांना आणि घशाला झोंबतात, आरोग्याला अपायकारक असतात, म्हणून हे काम फ्यूम हुडमध्येच करायचे. मग पीएच ७.४ वर आणून द्रावण ताजेच वापरायचे. फॉर्मल्डिहाइड शेजारशेजारच्या प्रथिनांमध्ये छोटे रासायनिक पूल बांधते, त्यामुळे सगळे जागच्या जागी अडकून पडते. साध्या तापमानाला दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. तासन्‌तास ठेवले तर पूल इतके होतात की अँटिबॉडीला जी जागा ओळखायची असते तीच झाकली जाते आणि रंग फिका येतो.

मायक्रोट्युब्युलच्या बाबतीत इथे एक खोच आहे. या नळ्या थंडीत मोडतात. पेशी बर्फावर ठेवल्या तर अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक जाळे सुट्या कणांत विरघळते. पेशी ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमधून काढून फ्रिजमधल्या पीबीएसने धुण्याची सवय पुष्कळांना असते. इतर प्रथिनांसाठी ती चालून जाते, पण इथे फिक्स होण्याआधीच चित्र बिघडायला सुरुवात होते. पीबीएस आणि फिक्सेटिव्ह दोन्ही ३७ अंशांपर्यंत कोमट करून घेतले की हा धोका टळतो.

दुसरा मार्ग उणे २० अंशांच्या मिथेनॉलचा. पेशी थेट त्यात पाच मिनिटे बुडवायच्या. मिथेनॉल इतके थंड असूनही नळ्या टिकतात, कारण ते पाणी ओढून प्रथिने क्षणात गोठवते आणि मोडायला वेळच उरत नाही. शिवाय नळ्यांत न जुळलेले सुटे ट्युब्युलिन त्यात बरेचसे धुऊन जाते, म्हणून मागचा धुरकटपणा कमी होऊन रेषा स्वच्छ दिसतात. मात्र पेशी आकसते, तिची पटले विरघळतात आणि फॅलॉइडिनने अ‍ॅक्टिनचे तंतू रंगवायचे असतील तर मिथेनॉल निरुपयोगी ठरते. फिक्सेटिव्हची निवड म्हणूनच त्या त्या प्रथिनाप्रमाणे करायची. अमुक एक सगळ्यांत चांगले, असे नसते. आपण या उदाहरणात पॅराफॉर्मल्डिहाइड घेऊ, कारण त्यात पुढच्या सगळ्या पायऱ्या उघड दिसतात.

फॉर्मल्डिहाइडने फिक्स केलेल्या पेशीचे पटल बऱ्याच अंशी शाबूत असते आणि अँटिबॉडी हा मोठा रेणू, तो आत शिरत नाही. म्हणून ०.१ ते ०.२ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट दहा मिनिटे ठेवून पटलाला भोके पाडतात. मिथेनॉलच्या पेशींना याची गरज नसते. त्याच सुमारास ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड किंवा ग्लायसीनने पेशी धुतात. फॉर्मल्डिहाइडची काही टोके न जुळता मोकळी राहिलेली असतात. समोर येईल त्या प्रथिनाला, म्हणजे आपल्या अँटिबॉडीलासुद्धा, ती पकडतात. हे धुणे त्या टोकांची तोंडे बंद करते. प्रॅक्टिकलच्या छापील पत्रकात ही पायरी अनेकदा गाळलेली असते आणि पुढे पार्श्वभूमी का उजळली याचे उत्तर सापडत नाही.

मग ब्लॉकिंग. अँटिबॉडी हेही एक प्रथिनच. नेमक्या लक्ष्याखेरीज विद्युतभारामुळे किंवा तेलकट भागांच्या ओढीने ती कुठेही सैलसर चिकटते. त्या जागा आधीच निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकायच्या. त्यासाठी १ ते ५ टक्के बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन, किंवा ५ ते १० टक्के सिरम अर्धा ते एक तास ठेवतात. सिरम कोणत्या प्राण्याचे घ्यायचे हा प्रश्न इथे खरा महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर सेकंडरी अँटिबॉडीवर ठरते.

आधी ती काय हे पाहू. पेशीत ट्युब्युलिनला जाऊन चिकटणारी प्रायमरी अँटिबॉडी आपण बिनरंगाचीच ठेवतो. ट्युब्युलिनसाठी सर्रास वापरली जाणारी डीएम१ए ही अँटिबॉडी उंदराची आहे. सेकंडरी अँटिबॉडी बनवण्यासाठी उंदराच्या अँटिबॉडी शेळीला टोचतात. शेळीचे शरीर त्यांना परके मानून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. ती गाळून, शुद्ध करून तिला हिरवा रंग जोडतात. बाटलीवर ‘गोट अँटी-माउस’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ एवढाच, की अँटिबॉडी शेळीची असून उंदराच्या अँटिबॉडीला धरते. तिला ट्युब्युलिनचा पत्ताही नसतो. जिथे उंदराची अँटिबॉडी बसली असेल तिथे ती बसते.

हा दोन टप्प्यांचा मार्ग थॉमस वेलर आणि कून्स यांनी १९५४ मध्ये कांजिण्या आणि नागीण यांच्या विषाणूंवरच्या कामात वापरला. त्याचा एक फायदा खर्चाचा. एकाच रंगीत सेकंडरीवर उंदराच्या कितीतरी प्रायमरी चालतात, प्रत्येकीला वेगळा रंग जोडावा लागत नाही. दुसरा फायदा उजेडाचा. एका प्रायमरीवर दोन-चार सेकंडरी बसू शकतात आणि प्रत्येकीवर रंगाचे अनेक रेणू असतात, म्हणून चमक कितीतरी वाढते. पण चुकीच्या जागी बसलेल्या सेकंडरीचा प्रकाशही तितकाच ठळक दिसतो.

आता सिरमकडे परत येऊ. सेकंडरी शेळीची असेल तर ब्लॉकिंगही शेळीच्या सिरमने करावे. शेळीच्या ज्या अँटिबॉडी कुठेही चिकटू शकतात त्या जागा शेळीच्याच साध्या अँटिबॉडींनी आधी व्यापलेल्या असतात, आणि सेकंडरी त्यांना ओळखत नाही. याउलट उंदराचे सिरम वापरले तर पेशीभर उंदराच्या अँटिबॉडी पसरतील आणि सेकंडरी इमानेइतबारे त्या सगळ्यांना धरेल. पूर्ण पेशी हिरवी होईल.

प्रायमरी सहसा ५०० ते १००० पट पातळ करून, ब्लॉकिंगच्याच द्रावणात देतात. महागडी अँटिबॉडी वाचवण्याची एक छान रीत आहे. ओलसर डब्यात पॅराफिल्मचा तुकडा पसरायचा, त्यावर पन्नास मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा आणि बारीक टोकाच्या चिमट्याने कव्हरस्लिप उचलून पेशींची बाजू खाली करून थेंबावर अलगद टेकवायची. पॅराफिल्मला पाणी धरत नाही, म्हणून थेंब गोळा होऊन राहतो आणि काचेखाली एकसारखा पसरतो. साध्या तापमानाला एक तास, किंवा ४ अंशांवर रात्रभर. डब्यात ओला टिश्यू पेपर हवाच. कडा सुकली तर तिथली अँटिबॉडी आटून घट्ट चिकटते. चित्रात कडेच्या पेशी झगझगीत आणि मधल्या फिक्या दिसल्या तर कारण बहुधा हेच असते. नंतर पाच-पाच मिनिटे तीनदा पीबीएसने धुणे, मग सेकंडरी एक तास, तीही अंधारात, कारण उजेडाने रंग विरतो. पुन्हा तीनदा धुणे. शेवटी केंद्रकासाठी डीएपीआय हा निळा रंग पाच मिनिटे, आणि कव्हरस्लिप माउंटिंग द्रावणाच्या थेंबावर पालथी घालून स्लाइडवर बसवायची. पेशी काचेच्या कोणत्या बाजूला आहेत याचा विसर पडला तर एवढा वेळ वाया जातो, म्हणून सुरुवातीपासून एकच बाजू वर ठेवण्याची शिस्त पाळायची.

इतके झाल्यावर हिरवे जाळे दिसते. ते खरे कशावरून, हे कंट्रोल सांगतात, आणि त्यांच्या कव्हरस्लिपा पहिल्या दिवशीच वेगळ्या काढून ठेवाव्या लागतात. एकाच वेळी वाढलेल्या, एकत्र फिक्स झालेल्या पेशी नसतील तर तुलनेला अर्थ राहत नाही. आपल्या उदाहरणासाठी चार पुरतात. पहिलीत सगळे काही. दुसरीत प्रायमरी गाळून तिच्या जागी नुसते ब्लॉकिंगचे द्रावण, बाकी सगळे तसेच. तिसरीत दोन्ही अँटिबॉडी नाहीत, फक्त निळा डीएपीआय. चौथीतल्या पेशी फिक्स करण्याआधी एक तास बर्फावर ठेवायच्या, पुढे त्यांना थंडीतच फिक्स करून पहिलीसारखे सगळे द्यायचे.

मायक्रोस्कोपवर बसल्यावर कॅमेऱ्याचा एक्स्पोजर पहिल्या कव्हरस्लिपवर ठरवायचा, तोही सर्वांत उजळ भाग पांढराफटक होणार नाही इतकाच. मग तो आकडा कागदावर लिहून चारही कव्हरस्लिपांसाठी तोच ठेवायचा. ऑटो एक्स्पोजर चालू राहिला तर कॅमेरा अंधाऱ्या कंट्रोललाही ताणून उजळ करतो आणि चारही चित्रे सारखी दिसतात. पडद्यावर पाहताना ब्राइटनेसचेही तेच. इतर सगळे नीट करूनही कंट्रोल निकामी होण्याचे हे सर्वांत सामान्य कारण असावे.

समजा, एका गटाच्या पहिल्या कव्हरस्लिपवर सुरेख हिरव्या रेषा आल्या, पण केंद्रकही हिरवे दिसले. विश्रांतीतल्या हेला पेशीच्या केंद्रकात ट्युब्युलिनचे जाळे नसते, तेव्हा शंका घ्यायला हवी. चित्रातली उजळी मोजली. रेषांवर १८००, केंद्रकावर ९००, आणि जिथे पेशीच नाही त्या मोकळ्या काचेवर १००. तिसऱ्या कव्हरस्लिपवर, जिथे फक्त डीएपीआय आहे, हिरव्या फिल्टरमधून केंद्रक ११० आले. म्हणजे पेशीची स्वतःची चमक नगण्य आणि निळा रंगही हिरव्यात झिरपत नाही. दोन संशयित एका फटक्यात सुटले. दुसऱ्या कव्हरस्लिपवर रेषा अजिबात नाहीत, पण केंद्रक ८५०. तिथे प्रायमरी नव्हतीच, म्हणजे केंद्रकातली हिरवाई सेकंडरीची. वही पाहिली तर सेकंडरी फक्त १०० पट पातळ केली होती आणि तीही साध्या पीबीएसमध्ये, बीएसएशिवाय. पुन्हा करताना बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गुठळ्या तळाशी बसवल्या, वरचा भाग ब्लॉकिंगच्या द्रावणात ५०० पट पातळ केला. केंद्रक १५० वर उतरले, रेषा १६०० वर राहिल्या.

पहिल्याच वेळी ९०० मधून ८५० वजा करून चित्र दुरुस्त करावे, असा मोह होतो. तसे करू नये. प्रायमरी असलेल्या पेशीत सेकंडरीचा मोठा वाटा नळ्यांवर खर्च होतो, नसलेल्या पेशीत तो भलतीकडे जायला मोकळा असतो. दोन्हीकडची चुकीची चिकट सारखी नसते. कंट्रोल खराब आला तर प्रयोग पुन्हा करायचा.

दुसरी कव्हरस्लिप स्वच्छ आली तरी तिने फक्त सेकंडरीची हमी दिली. प्रायमरी योग्य प्रथिनालाच धरते का, याबद्दल ती काही बोलत नाही, आणि अनेक अहवालांत हाच गोंधळ असतो. प्रायमरीच्या नुसत्या चिकटपणाची चाचणी घ्यायची तर तिच्याच जातीची, म्हणजे उंदराची आयजीजी१, पण कोणतेही लक्ष्य नसलेली अँटिबॉडी तितक्याच मात्रेत देऊन पाहतात. इथे चौथी कव्हरस्लिपही कामाला येते. बर्फावरच्या पेशींत रेषा जवळपास नाहीशा झालेल्या दिसतात, अधूनमधून एखादी हट्टी नळी उरते. त्यावरून पहिल्या चित्रातल्या रेषा थंडीत मोडणाऱ्या नळ्याच होत्या हे ठरते. हेच नोकोडॅझोल या औषधानेही साधता येते.

पण या चौथ्या चित्रात पेशी काळी पडत नाही, तिच्यात सर्वत्र मंद हिरवट धुके असते. विद्यार्थी याला पार्श्वभूमी समजून खोडून टाकतात. वास्तविक नळ्या मोडल्या तरी ट्युब्युलिन कुठे गेले नाही, ते सुट्या कणांच्या रूपात पेशीतच आहे आणि फॉर्मल्डिहाइडने त्यालाही पकडून ठेवले आहे. हे धुके खरे आहे. दुसऱ्या कव्हरस्लिपवर पेशीचा तोच भाग काळा असेल तर ते खरेच मानायला हवे. मिथेनॉलने फिक्स केले असते तर हे धुके फारसे दिसलेच नसते. एकाच प्रथिनाची दोन चित्रे, दोन्ही प्रामाणिक, फरक फक्त पहिल्या पायरीचा.

याहून कडक पुरावा हवा असेल तर ज्या पेशींतून ते प्रथिन बनवणारे जनुक काढून टाकले आहे अशा पेशी शेजारी रंगवतात. तिथेही चमक आली तर अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला धरते आहे. ट्युब्युलिनच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे, कारण त्याच्याशिवाय पेशी विभागतच नाही. म्हणून इथे थंडीची किंवा औषधाची परीक्षा घ्यावी लागते.

आणि सगळे कंट्रोल पास झाले तरी त्या रेषांची जाडी मोजू नये. मायक्रोट्युब्युलचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर. त्यावर अँटिबॉडीचे दोन थर चढल्यावर तो दुपटीहून जास्त होतो. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, म्हणून एकटी नळी असो की शेजारी टेकलेल्या तीन, चित्रात रेषेची रुंदी जवळपास तीच दिसते. तीन असतील तर ती अधिक उजळ दिसेल, इतकेच.